एकच ‘पण’, तीन दर्जे: प्रत्यय, क्लिटिक की सुटा शब्द?

प्रश्न: बोलीचं व्याकरण लिहायला घेतलंय. ‘पण’, ‘ला’, ‘साठी’ अशा घटकांपुढे प्रत्यय लिहू, क्लिटिक लिहू की स्वतंत्र शब्द, इथेच गाडी अडली आहे. लिहिताना बहुतेक सगळं जोडूनच लिहितात. पुस्तकातल्या चाचण्या लावल्या तर एक म्हणते प्रत्यय, दुसरी म्हणते क्लिटिक. सुरुवात कुठून करायची?

उत्तर:

सुरुवात ‘पण’पासूनच करा. तिन्ही दर्जे त्या एका उच्चारात सापडतात, त्यामुळे चाचण्या कशा चालतात हे तिथे स्वच्छ दिसतं. ‘ला’ आणि ‘साठी’ त्याहून अवघड आहेत, ते नंतर घेऊ.

त्याआधी लेखन बाजूला ठेवा. मराठीत शब्दयोगी अव्यय मागच्या शब्दाला जोडून लिहायचं हा लेखनाचा नियम आहे. हिंदीत ‘राम ने’ तोडून लिहितात आणि ‘उसने’ जोडून. ‘ने’ दोन्हीकडे एकच, बदलला तो आधीचा शब्द. तेव्हा मधली मोकळी जागा हा पुरावा नव्हे. हे सगळ्यांना पटतं, पण काम करताना डोळा फसवतोच, कारण आपण उदाहरणं लिहून काढतो आणि लिहिलेलंच वाचत बसतो. शक्य असेल तर पहिली वही ध्वनिमुद्रणावरून करा आणि त्या टप्प्यावर शब्द तोडूच नका. सगळं सलग लिहा आणि श्वास किंवा विराम ऐकू येईल तिथेच रेघ मारा.

दुसरी गोष्ट, चाचण्या एकमेकींशी भांडतात त्याचं कारण. ‘हा घटक क्लिटिक आहे का?’ या प्रश्नात दोन प्रश्न दडलेले असतात. उच्चारात तो स्वतःच्या पायावर उभा राहतो की शेजाऱ्याला टेकतो, हा पहिला. त्याची जागा कोण ठरवतं, शब्दाची घडण की वाक्याची रचना, हा दुसरा. सुटा शब्द उच्चारात स्वतंत्र असतो आणि त्याची जागा वाक्य ठरवतं. प्रत्यय टेकलेला असतो आणि त्याची जागा शब्दाच्या आतच ठरते. क्लिटिक टेकलेला असतो, पण जागा वाक्य ठरवतं. म्हणून विरामाची चाचणी क्लिटिकला प्रत्ययाच्या रांगेत बसवते आणि स्थानाची चाचणी शब्दाच्या रांगेत. हे भांडण म्हणजे चूक नव्हे, ती क्लिटिकची खूणच आहे. चाचण्यांची मतं मोजून बहुमताने निकाल देऊ नका. कोणती चाचणी कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते ते आधी पाहा.

आता हे वाक्य घ्या:

पण लहानपणी पण तो असाच होता.

यात ‘पण’ तीनदा आहे. चाचण्या लावण्यापूर्वी पहिलं काम म्हणजे हा एकच घटक आहे की एकसारखे ऐकू येणारे अनेक, हे ठरवणं. त्यासाठी जागी दुसरा शब्द घालून पाहायचा. पहिल्याच्या जागी ‘परंतु’ बसतो. शेवटच्याच्या जागी ‘सुद्धा’ बसतो. मधल्याच्या जागी यांपैकी काहीच बसत नाही. फार तर ‘बालपणी’ असा अख्खा शब्द बदलता येतो. म्हणजे तीन वेगळे घटक आहेत आणि तिघांची वही वेगळी हवी. हा टप्पा गाळला की ‘पण कुठेही लागतो’ असं चुकीचं विधान तयार होतं आणि पुढच्या सगळ्या चाचण्या गढूळ होतात.

मधल्या ‘पण’चं प्रत्ययपण लगेच उघड होतं, पण कशाकशामुळे ते नीट पाहू, कारण पुढे तीच मापं लावायची आहेत. ‘शहाणा’पासून ‘शहाणपण’ होतं आणि ‘म्हातारा’पासून ‘म्हातारपण’, म्हणजे शेवटचा ‘आ’ गळतो. ‘वेडा’पासून मात्र ‘वेडेपण’ होतं आणि ‘मोठा’पासून ‘मोठेपण’, म्हणजे ‘आ’चा ‘ए’ होतो. कोणत्या शब्दाचं काय होईल हे शब्दागणिक पाठ असावं लागतं. ‘उंच’, ‘लांब’ यांच्यापुढे हा ‘पण’ रुळलेलाच नाही. तिथे ‘उंची’, ‘लांबी’ आहेत. अर्थही बेरजेचा नाही. लहानपण म्हणजे आकाराने लहान असणं नव्हे, वयाचा एक काळ. त्यातून जो शब्द तयार होतो तो नाम असतो आणि त्याला पुढे विभक्ती लागते: लहानपणी, लहानपणापासून, शहाणपणाने. शिवाय दोन शब्दांत मिळून एक ‘पण’ चालत नाही. ‘बालपण आणि म्हातारपण’ म्हणावं लागतं. ‘बाल आणि म्हातारपण’ म्हटलं तर पहिला शब्द लंगडा राहतो.

‘सुद्धा’ या अर्थाच्या ‘पण’ला हीच मापं लावा. ‘शहाणा पण’, ‘शहाणी पण’, ‘वेडा पण’: आधीच्या शब्दाला धक्काही लागत नाही, लिंगवचनाची खूणही जशीच्या तशी राहते. तो कोणाला लागतो? ‘मी पण’, ‘लाल पण’, ‘काल पण’, ‘घरात पण’, ‘बसून पण’, ‘आला पण’, ‘त्याच्यासाठी पण’. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियाविशेषण, क्रियापद, शब्दयोगी अव्यय, कोणीही चालतं. अर्थ सगळीकडे तोच. ‘राम आणि श्याम पण आले’ यात एकच ‘पण’ दोघांना पुरतो. त्याच्यापुढे विभक्ती लागत नाही. ‘मी’नंतरच्या ‘पण’ला ‘ला’ लावून बघा, ‘मीपणाला’ असं होतं, पण आता अर्थ अहंकाराचा. तुम्ही नकळत प्रत्ययाच्या वहीत शिरलात.

आधाराची निवड तपासताना, म्हणजे घटक कोणाकोणाला टेकतो हे पाहताना, उदाहरणं तुटपुंजी ठेवू नका. किमान पाच शब्दजाती आणि प्रत्येकीत तीनचार शब्द घ्या. त्यात एक शब्द परभाषेतून नुकताच आलेला असू द्या आणि एक आधार म्हणजे आख्खा पदसमूह असू द्या, ज्याचा शेवटचा शब्द अर्थाच्या दृष्टीने गौण आहे. ‘ती निळी, कोपऱ्यात ठेवलेली पण दे’ यात ‘पण’ टेकतो ‘ठेवलेली’ला, अर्थ मात्र सगळ्या वस्तूला लागतो. टेकायची जागा एक आणि अर्थाची जागा दुसरी, हा वाक्याने जागा ठरवल्याचा चांगला पुरावा.

म्हणजे हा प्रत्यय नाही. मग सुटा शब्द का नको? आता पहिल्या प्रश्नाकडे, उच्चाराकडे यायचं. इथे एक जोडी कामी येते:

तो आला, पण बसला नाही.
तो आला पण, बसला पण.

पहिल्यात विराम ‘पण’च्या आधी आहे, दुसऱ्यात नंतर. विराम सरकवला की अर्थ बदलतो. ‘सुद्धा’वाल्या ‘पण’च्या आधी विराम घेता येत नाही; घेतलात की ऐकणारा त्याला ‘परंतु’ समजतो. मध्ये काही घुसवून पाहा: ‘श्याम, म्हणे, पण आला’ म्हटलं की वाक्य मोडतं किंवा ‘परंतु’कडे झुकतं. आणि सगळ्यांत सोपी चाचणी उत्तराची. कोणी विचारलं, ‘श्याम पण येतोय?’ तर उत्तर ‘हो, श्याम पण’ असं येईल. नुसतं ‘हो, पण’ म्हटलंत तर समोरचा पुढच्या सबबीची वाट बघत बसेल.

याउलट पहिला ‘पण’, उभयान्वयी. तो बोलण्याची सुरुवात करतो, त्याच्यापुढे थांबता येतं (‘पण… जाऊ दे’), आणि समोरचा अडखळला तर ‘पण?’ एवढंच विचारून त्याला पुढे बोलतं करता येतं. मागच्या शब्दावर तो टेकत नाही. तो सुटा शब्द.

एक सावधगिरी: ‘एकटा उभा राहत नाही म्हणून क्लिटिक’ असा उलटा निष्कर्ष काढू नका. ‘आणि’ किंवा ‘जर’ हेही उत्तर म्हणून एकटे येत नाहीत, तरी त्यांच्या आधी-नंतर थांबता येतं आणि वाक्य त्यांच्यापासून सुरू होतं. एकटं येणं हा शब्द असल्याचा पुरावा आहे. न येणं हा कशाचाच पुरावा नाही. व्याकरणाबद्दल बोलताना घटकाचा जो उल्लेख होतो तोही धरू नका. ‘इथे ला हवा की ने?’ असं आपण सहज विचारतो, म्हणून ‘ला’ शब्द ठरत नाही.

बहुतेक चाचण्या अशाच एका दिशेने चालतात. झ्विकी आणि पुलम या भाषाशास्त्रज्ञांनी १९८३ साली इंग्रजीतल्या ‘n't’ या आखूड नकारावर लिहिताना प्रत्यय आणि क्लिटिक वेगळे करणारे सहा निकष मांडले. आधाराची निवड, रचनेतल्या मनमानी फटी, रूपांतली विक्षिप्तता, अर्थातली विक्षिप्तता, वाक्यरचनेचे नियम त्या जोडीला एक शब्द म्हणून वागवतात का, आणि क्लिटिक लागलेल्या शब्दाला तो पुन्हा लागतो का, असे ते सहा. लोक ते गुणपत्रिकेसारखे वापरतात, सहापैकी चार म्हणजे क्लिटिक वगैरे. त्यात वजनाचा घोळ होतो. फट किंवा विक्षिप्त रूप सापडलं तर ते प्रत्ययाच्या बाजूने फार जड माप आहे. पण विक्षिप्तपणा न सापडणं हलकं माप आहे, कारण पुष्कळ प्रत्यय निमूटपणे नियमित असतात. तुर्कीतला अनेकवचनाचा प्रत्यय कमालीचा नियमित आहे, म्हणून त्याला कोणी क्लिटिक म्हणत नाही.

आता ‘ला’ आणि ‘साठी’. इथे सगळ्यात जास्त चुका होतात त्या सामान्यरूपामुळे. ‘कापूस’चं ‘कापसाला’ होतं, ‘देऊळ’चं ‘देवळात’, ‘पाऊस’चं ‘पावसाने’. मूळ शब्द इतका बदलतो म्हणजे ‘ला’ प्रत्ययच, असा तर्क सुचतो. पण ‘कापसासाठी’, ‘देवळासमोर’, ‘पावसापर्यंत’ इथेही तोच बदल आहे, आणि ‘समोर’ तर ‘समोर ये’ म्हणून एकटा फिरणारा शब्द आहे. बदल ‘ला’मुळे होत नाही, सामान्यरूपाच्या ‘आ’मुळे होतो. तेव्हा शब्द दोन ठिकाणी कापा: कापूस अधिक सामान्यरूपाची खूण, आणि त्यावर बसणारा पुढचा घटक. सामान्यरूपाची खूण प्रत्यय आहे यात वाद नाही. वाद फक्त तिच्यावर काय बसलंय याचा. ‘च’, ‘ही’ आणि ‘सुद्धा’वाला ‘पण’ सामान्यरूप मागतच नाहीत: कापूसच, देऊळही, पाऊस पण. ही रेषा उपयोगाची आहे, पण ती ‘ला’ आणि ‘साठी’ यांना एकाच बाजूला ठेवते. त्यांना वेगळं करायला दुसरी मापं हवीत.

पहिलं माप विक्षिप्तपणाचं, आणि ते सर्वनामांवर लावायचं, कारण जुन्या गाठी तिथेच टिकतात. ‘ला’ वचनाप्रमाणे बदलतो: मुलाला, पण मुलांना. त्यातही ‘त्यांना’ होतं आणि ‘आम्हाला’ होतं. दोन्ही अनेकवचन, घटक वेगळा. ‘मी’चं ‘मला’ होतं, आणि तो ‘म’ असा सुटा कुठे आढळत नाही. शेजारच्या ‘ने’ची फट आणखी बोलकी आहे. ‘त्याने केलं’, ‘तिने केलं’, पण प्रमाण मराठीत ‘मी केलं’, ‘तू केलंस’, ‘आम्ही केलं’. कर्त्याच्या त्या घरात पहिल्या-दुसऱ्या पुरुषाला ‘ने’ नाही. ‘माझ्या’ला ‘ने’ची ॲलर्जी आहे असंही नाही, ‘माझ्याने आता चालवत नाही’ हे सर्रास ऐकू येतं. फट त्या एका घरातच आहे. अशी घरं असलेलं कोष्टक हे प्रत्ययांचं लक्षण. ‘साठी’कडे यातलं काही नाही: मुलासाठी, मुलांसाठी, माझ्यासाठी, आमच्यासाठी, कुठेही ‘साठी’चं रूप हलत नाही.

दुसरं माप मध्ये घुसण्याचं. ‘च’ हा चांगला पाचर आहे, कारण तो क्लिटिक असल्याबद्दल फारशी शंका नाही. तो कुठे शिरू शकतो ते पाहा. ‘मलाच’ होतं, ‘म’ आणि ‘ला’ यांच्यात ‘च’ कधीच शिरत नाही. ‘त्यानेच’ होतं, ‘त्याचने’ होत नाही. ‘साठी’बाबत रोजचं रूप ‘तुझ्यासाठीच’ असं आहे, पण गाण्यात, कवितेत किंवा ठासून बोलताना ‘तुझ्याचसाठी’ही येतं आणि कोणालाही ते खटकत नाही. म्हणजे ‘तुझ्या’ आणि ‘साठी’ यांच्यात फट आहे, ‘म’ आणि ‘ला’ यांच्यात नाही. शेजारी पाहा: हिंदीत ‘राम ही ने’, ‘उसी ने’ असं म्हणता येतं, तिथे ‘ही’ ‘ने’च्या आधी शिरतो. हिंदीतला ‘ने’ आणि मराठीतला ‘ने’ दिसायला जुळे, पण घट्टपणा वेगळा. म्हणून एका भाषेचा निकाल दुसरीला लावू नये, आणि एका बोलीचा दुसरीलाही नाही.

तिसरं माप आणि-ची रचना, म्हणजे दोन पदांत मिळून एकच घटक चालतो का. याच मापाने बहुतेकांचा गोंधळ होतो, त्यामुळे इथे जरा थांबतो. ‘शेतकरी आणि कामगारांना मदत मिळाली.’ हे वाक्य बातम्यांत रोज दिसतं. एक ‘ना’ दोघांना पुरतो. मग ‘ना’ क्लिटिक झाला का? पहिल्या पदाचं रूप बघा. ते ‘शेतकरी’ आहे, ‘शेतकऱ्यां’ नव्हे. ‘शेतकऱ्यां आणि कामगारांना’ कोणी म्हणत नाही. ‘ना’ हा संपूर्ण जोडीच्या बाहेर बसलेला क्लिटिक असता तर आतल्या दोन्ही पदांनी सामान्यरूप धरायला हवं होतं. हिंदीत नेमकं तसं होतं: ‘बेटे और बेटी को’, पहिल्या पदानेही रूप बदललं. मराठीत पहिल्या पदावरून ‘ना’ही गेला आणि सामान्यरूपही गेलं. म्हणजे इथे घडतंय ते वेगळं आहे. विभक्तीचं सगळं ओझं, प्रत्यय धरून, शेवटच्या पदावर टाकलंय. निखळ प्रत्ययांतही असं होतं. वर आलेल्या तुर्कीतही विभक्तीचे प्रत्यय असे शेवटच्या पदावर एकदाच लावता येतात. तेव्हा एकात दोन भागतात एवढ्यावरून क्लिटिक म्हणू नका. मागे उरलेलं पद कोणत्या रूपात उरलं, ते लिहून ठेवा.

आणि लगेच सर्वनामावर तेच करा. ‘मी आणि आईला बोलावलं’ हे चालत नाही. ‘मला आणि आईला’ म्हणावं लागतं. ‘म आणि आईला’ तर अशक्यच. पण ‘तुझ्या आणि माझ्यासाठी’ अगदी सहज येतं, आणि इथे पहिलं पद ‘तुझ्या’ या सामान्यरूपात उरलं आहे, हिंदीतल्या ‘बेटे’सारखं. ‘साठी’ जोडीच्या बाहेर उभा आहे.

या मापात एक फसवी जागा आहे. ‘मुला-मुलींना’, ‘तुझ्या-माझ्यात’ अशी ‘आणि’शिवायची रूपं पुरावा म्हणून घेऊ नका. ते जोडशब्द आहेत, त्यांचे नियम वेगळे. माहितगाराला विचारताना मध्ये ‘आणि’ किंवा ‘नि’ असलेलंच वाक्य घ्या, आणि पहिलं पद असं निवडा की ज्याचं सामान्यरूप कानाला वेगळं ऐकू येईल. ‘आई’ पहिलं पद म्हणून घेतलंत तर काहीच कळणार नाही, तिचं सामान्यरूपही ‘आई’च. ‘घोडा’, ‘शेतकरी’, ‘कापूस’ असे शब्द घ्या.

तेव्हा माझा निकाल असा: ‘ला/ना’ आणि ‘ने/नी’ प्रत्यय. ‘साठी’ प्रत्यय नाही. उच्चारात तो टेकतो, पण त्याची जागा वाक्य ठरवतं, म्हणून क्लिटिक. ‘समोर’ सुटा शब्द, लिखाणात जोडला तरी. एकाच ‘शब्दयोगी अव्यय’ या नावाखाली ‘साठी’, ‘समोर’ आणि ‘च’ असे तीन स्वभाव येतात. त्यात परंपरेचं काही चुकलेलं नाही. तिने वर्गीकरण दुसऱ्या कामासाठी केलं होतं आणि ‘च’, ‘ही’ सामान्यरूप घडवत नाहीत हे तिने ‘शुद्ध शब्दयोगी’ म्हणून वेगळं नोंदवलंही आहे.

गोठलेल्या रूपांपासून सांभाळा. ‘च’चा आधार तपासताना ‘लगेच’ यादीत आलं तर ‘लगे’ हा आधार कुठला, असा प्रश्न पडतो. उत्तर बोलणाऱ्यांनीच देऊन ठेवलंय: ते ‘लगेचच’ म्हणतात. पहिला ‘च’ शब्दात विरघळला, म्हणून जोर द्यायला दुसरा लागला. तसंच ‘दोन्ही’चं. त्यातला ‘ही’ ‘दोन’मध्ये मुरला, आणि ‘दोन्हीही’ सहज म्हटलं जातं. असे शब्द सापडले की घटकाच्या यादीतून काढून शब्दकोशात टाका. ते तिथेच राहू दिले तर क्लिटिकला विक्षिप्त रूपं आहेत असा खोटा पुरावा तयार होतो आणि वरचं सगळ्यात जड माप चुकीच्या पारड्यात पडतं. ओळखायची खूण हीच: घटक पुन्हा लावता येतो का?

माहितगाराकडून विराम काढून घेताना ‘शब्द तोडून सांगा’ असं म्हणू नका. शिकलेला माणूस डोळ्यांपुढे लेखन आणतो आणि त्याप्रमाणे तोडतो. त्याऐवजी, ‘समोरच्याला नीट ऐकू आलं नाही, सावकाश पुन्हा सांगा’ अशी परिस्थिती द्या. सावकाश बोलताना ‘रामाला… पण’ असं तुटणार नाही, ‘रामाला पण…’ असं तुटेल. शक्य असेल तर लिहिता-वाचता न येणाऱ्या किमान दोन बोलणाऱ्यांकडून हे तपासून घ्या.

नोंद करताना लाइप्झिग पद्धतीची खूण वापरा: प्रत्ययाआधी आडवी रेघ, क्लिटिकआधी बरोबरचं चिन्ह, शब्दाआधी मोकळी जागा. आपलं वाक्य मग असं दिसेल:

```
पण लहान-पण-ई=पण तो असा=च होता
तुझ्या=साठी=च
शेतकरी आणि कामगार-आं-ना
```

‘त’ मात्र यात कुठे बसवायचा ते मी अजून मोकळं ठेवतो. कोष्टकात तो ‘ला’च्या पंक्तीत बसतो आणि एकटा कधीच येत नाही. पण तो वचनाप्रमाणे बदलत नाही, आणि ‘तुझ्या आणि माझ्यात काय फरक आहे?’ हे वाक्य कोणीही बिनदिक्कत बोलतं, म्हणजे इथे तो ‘साठी’सारखा जोडीबाहेर उभा राहतो. ‘च’चा पाचर इथे चालत नाही, कारण ‘माझ्याचत’ उच्चारायलाच अवघड. तो नकार रचनेचा की जिभेचा हे सांगता येत नाही. तुमच्या बोलीत ‘त’च्या जागी ‘मध्ये’ जास्त वापरत असतील तर आधी ते मोजा, आणि ‘तुझ्या नि माझ्यात’सारखी वाक्यं मुद्दाम काढून घ्या. तोवर त्याच्यापुढे आडवी रेघ लिहा आणि तळटिपेत ही दोन वाक्यं द्या.